वडील पुन्हा पुन्हा पडतात: उभ्याचं बीपी, गोळ्या, चष्मा आणि तपासण्यांचा क्रम

प्रश्न: वडील 79 वर्षांचे आहेत. पाच महिन्यांत चार वेळा पडले. पहिल्यांदा पहाटे लघवीला उठले तेव्हा. दुसऱ्यांदा नाश्ता करून खुर्चीतून उठल्यावर. तिसऱ्यांदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आणि आठ दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात उभे असताना तोंडावर पडले, डोळ्याभोवती काळंनिळं झालं, कसे पडलो ते त्यांना आठवत नाही. दोन महिन्यांपूर्वी मेंदूचा एमआरआय केला, त्यात फक्त ‘वयानुसार बदल’. दवाखान्यात बीपी 138/80. सकाळी ॲम्लोडिपिन 5, टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 यांची एकत्र गोळी, ॲस्पिरिन 75, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन 0.4 आणि झोपेसाठी क्लोनॅझेपाम 0.5. पहिल्यांदा पडल्यावर चक्करीसाठी सिनारिझिन 25 दिवसातून दोनदा सुरू झाली. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब. चष्मा प्रोग्रेसिव्ह. हे वयामुळेच आहे का? आणखी कोणत्या तपासण्या करायच्या?

उत्तर: नुसत्या वयामुळे नाही. वयाबरोबर तोल सावरण्याची ताकद कमी होते हे खरं, पण इतक्या कमी दिवसांत इतक्यांदा पडायला त्याहून वेगळं काहीतरी लागतं, आणि तुम्ही दिलेल्या माहितीत ते बरंच दिसतंय. चारही वेळचं कारण मात्र एकच असेल असं मला वाटत नाही. म्हणून प्रत्येक वेळेकडे वेगळं बघू. सुरुवात शेवटच्या वेळेपासून करतो, कारण आठ दिवसांपूर्वीचं पडणं तातडीचं आहे. बाकीचं पुढच्या महिना-दीड महिन्यात सावकाश मार्गी लावता येईल. हे एक मात्र आज-उद्याच बघायला हवं.

माणूस ठेच लागून किंवा तोल जाऊन पडतो तेव्हा हात आपोआप पुढे येतात. मग मनगट दुखतं, तळहात खरचटतो, गुडघा किंवा कोपर सुजतं. तुमच्या वडिलांच्या हातांकडे नीट बघा. हात साफ आहेत आणि मार फक्त चेहऱ्याला आहे, असं असेल तर जमिनीवर आदळण्याआधीच शुद्ध गेली होती असं धरून चालावं. त्यात ‘कसा पडलो ते आठवत नाही’ हे आलं. पुष्कळ वयस्कर माणसांना शुद्ध गेली होती हेच आठवत नाही. ती पूर्ण खात्रीने सांगतात, ‘बेशुद्ध वगैरे काही झालो नव्हतो, पाय घसरला असेल.’ यात ती खोटं बोलत नाहीत. तेवढ्या क्षणांची नोंदच मेंदूत झालेली नसते. त्यामुळे त्या वेळी घरात कोणी होतं का, पडण्याआधी ते पांढरेफटक पडले होते का, किती वेळ निपचित होते, उठल्यावर लगेच नीट बोलले की गोंधळलेले होते, हे त्यांना न विचारता पाहणाऱ्याला विचारा.

या पडण्यातून दोन गोष्टी तपासायच्या: डोक्याला काय झालं, आणि शुद्ध का गेली.

डोक्याचं आधी. तुमच्याकडचा एमआरआय दोन महिन्यांपूर्वीचा आहे, म्हणजे या माराच्या आधीचा. त्यावरून आजचं काहीच सांगता येत नाही. या वयात मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. मार लागला की त्यातून रक्त हळूहळू झिरपतं आणि कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी त्रास दिसू लागतो. ॲस्पिरिन चालू असेल तर रक्त थांबायलाही वेळ लागतो. 65 वर्षांच्या पुढच्या माणसाच्या डोक्याला मार लागला आणि त्याबरोबर शुद्ध गेली किंवा आठवण पुसली गेली, तर खरं तर त्याच दिवशी डोक्याचा सीटी स्कॅन व्हायला हवा. तुमचा राहिला असेल तर आता करून घ्या. साधा सीटी पुरतो, काही मिनिटांचं काम असतं, त्यासाठी पुन्हा एमआरआय नको. मधल्या काळात त्यांची झोप वाढली, डोकेदुखी चढत गेली, उलटी झाली, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडला, बोलणं अडखळू लागलं किंवा वागणं एकदम बदललं, तर वेळ ठरवून जायचं नाही, सरळ तातडीच्या विभागात न्यायचं.

ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे तेही विचारून घ्या. हार्ट ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे किंवा पक्षाघात झालाय, तर ती गरजेची आहे आणि मनाने बंद करायची नाही. पण यातलं काहीच नसताना ‘वय झालं म्हणून’ चालू केलेली असेल, तर 79 व्या वर्षी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या माणसाला तिचा रक्तस्रावाचा धोकाच जास्त. डॉक्टरांशी हे स्पष्ट बोला.

आता शुद्ध का गेली. उभ्या उभ्या, काही सूचना न मिळता माणूस कोसळला तर पहिला संशय हृदयाच्या ठोक्यांवर घ्यायचा. बारा लीडचा ईसीजी ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त सांगणारी तपासणी आहे. ठोके फार संथ आहेत का, वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश मध्ये अडतोय का, जुन्या हार्ट ॲटॅकची खूण आहे का, हे त्यात दिसतं. आणि इथेच डोळ्यांच्या थेंबांचा संबंध येतो. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांच्याच जातीचा. थेंब डोळ्यातून अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो, तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात शोषला जातो आणि पोटातून गेलेल्या औषधाप्रमाणे आधी यकृतात अर्धामुर्धा निकामी होत नाही. ज्याच्या हृदयाची वीजवाहिनी आधीच थकलेली आहे, त्याचे ठोके एवढ्यानेही बरेच मंदावू शकतात. घरची मंडळी औषधांची यादी देताना थेंब नेमके विसरतात, कारण ती ‘गोळी’ नसते. तुम्ही ते लिहिलेत हे फार बरं केलंत. ईसीजीच्या वेळी डॉक्टरांना टिमोलॉलचं नाव आवर्जून सांगा. नाडी संथ निघाली तर डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या गटातले थेंब देऊ शकतात. पण थेंब परस्पर बंद करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. तोपर्यंत एवढं करा: थेंब टाकल्यावर डोळा मिटून, नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलका दाब द्या. रक्तात जाणारं औषध त्याने बरंच कमी होतं.

डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप लावल्यावर झडपेचा आवाज ऐकू आला तर टू-डी इको लागेल. महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर चालताना किंवा जिना चढताना शुद्ध जाऊ शकते. ईसीजीत काही सापडलं नाही तर बहुधा होल्टर, म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र, सांगितलं जाईल. ती तपासणी करा, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. तुमचे वडील साधारण महिन्यातून एकदा पडतात. एका दिवसाचा होल्टर नॉर्मल आला, याचा अर्थ तो दिवस नॉर्मल होता, एवढाच. शुद्ध जाण्याचा संशय पक्का असेल तर आठवडा-दोन आठवडे छातीला चिकटवून ठेवायचा पट्टीसारखा रेकॉर्डर किंवा त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर विचारात घ्यावा लागतो. लूप रेकॉर्डर दोन-तीन वर्षं ठोक्यांवर लक्ष ठेवतो.

बसलेलं किंवा झोपलेलं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं, छातीत दुखलं, काही श्रम करताना पडले किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर ही तपासणी बाहेरच्या बाहेर नको, भरती करून करावी. एरवी कधी न पडणारा माणूस दोन दिवसांत एकदम पडायला लागला, तर ताप नसला तरी छातीचा किंवा लघवीचा संसर्ग बघावा, हेही सांगून ठेवतो.

आता पहिल्या दोन वेळा. पहाटे अंथरुणातून उठून आणि नाश्त्यानंतर खुर्चीतून उठून. दोन्ही वेळा ते नुकतेच उभे राहिले होते. दवाखान्यातलं 138/80 हे बसलेलं असतानाचं बीपी. ते त्या क्षणाबद्दल काहीच सांगत नाही. माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरतं. तरुण शरीर दोन-चार सेकंदांत रक्तवाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून हे भरून काढतं. वय, मधुमेह आणि गोळ्या मिळून हीच आवळण्याची क्रिया मंदावतात.

हे घरी मोजता येतं. दंडाला बांधायचं मशीन वापरा. त्यांना पाच मिनिटं सपाट झोपवा आणि बीपी व नाडी लिहून घ्या. पट्टा दंडावर तसाच ठेवून त्यांना उभं करा आणि एका मिनिटाला व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. उभं असताना हात खाली लोंबू देऊ नका. तुमच्या हाताने त्यांचा हात छातीच्या पातळीवर धरून ठेवा, नाहीतर आकडा खोटा वर येतो आणि नेमकी घसरण झाकली जाते. शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची हवीच. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिसऱ्या मिनिटाची वाट बघू नका, लगेच बसवा. पहाटे ते उठतात त्या वेळी एकदा मोजा, आणि नाश्त्यानंतर तासाभराने एकदा. असं तीन-चार दिवस करा. बीपी दिवसभर सारखं नसतं. एकदा मोजून काही सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं होत नाही. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 10 किंवा जास्त उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी उतरण्याचा त्रास आहे असं धरतात. झोपलेलं बीपी मुळातच चढं असेल तर वरच्या आकड्यासाठी 30 ची घसरण धरतात.

माझ्या एका रुग्णाचे आकडे सांगतो, म्हणजे वाचायचे कसे ते लक्षात येईल. ते 81 वर्षांचे होते आणि तुमच्या वडिलांसारख्याच गोळ्या चालू होत्या. झोपून 156/82, नाडी 66. उभं राहून एका मिनिटाला 122/70, नाडी 70. तिसऱ्या मिनिटाला 126/72. वरचा आकडा 34 ने उतरला, आणि विचारलं तर म्हणाले, ‘मला काहीच होत नाहीये.’ हे अगदी नेहमीचं आहे. चक्कर आली नाही म्हणून बीपी उतरलं नाही, असा अर्थ काढू नका. दुसरी गोष्ट नाडीची. बीपी एवढं उतरल्यावर ठोके चांगले वाढायला हवे होते, ते फक्त चारने वाढले. शरीरात पाणी कमी असेल किंवा नुसतं गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल झाल्या असतील, तर नाडी सहसा 15 पेक्षा जास्त वाढते. ती जागच्या जागी राहिली तर मुख्यतः दोन शक्यता उरतात. एकतर काहीतरी औषध ठोके दाबून धरतंय, टिमोलॉल त्यातच येतं. नाहीतर मधुमेहाने किंवा पार्किन्सनसारख्या आजाराने ठोक्यांच्या नसाच कमजोर झाल्यात. त्यामुळे नाडीचा आकडा बीपीइतकाच महत्त्वाचा, तो लिहायला विसरू नका.

त्या गृहस्थांची टॅमसुलोसिन आणि लघवी वाढवणारी गोळी अशा दोन गोळ्या एकेक करून बदलल्या. सहा आठवड्यांनी त्यांचं झोपून 148/80 आणि उभं राहून 132/76 होतं. घसरण 34 वरून 16 वर आली.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. ‘बीपी उतरतंय ना, मग बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद’ असं त्यांच्या बाबतीत केलं नाही, तुम्हीही करू नका. झोपलेलं असताना बीपी चढंच राहिलं तर उभ्याची घसरण उलट जास्त होते, शिवाय पक्षाघाताचा धोका वाढतो. टेल्मिसार्टनसारखी औषधं नीट सहन होत असतील तर ती सहसा राहू द्यावीत. उभं राहिल्यावर जास्त पाडणारी औषधं निवडून कमी करायची असतात.

तुमच्या यादीत मला सर्वात आधी टॅमसुलोसिन दिसते. ती प्रोस्टेटभोवतीचे स्नायू सैल करते, आणि तसंच थोडं रक्तवाहिन्यांनाही करते. ही गोळी उपाशीपोटी घेतली तर जास्त आणि लवकर शोषली जाते, त्यामुळे रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते. रात्री जेवण टाळून घेतली, तर पहाटे लघवीला उठताना बीपी उतरायची शक्यता वाढते. वडील कसे घेतात ते बघा. एकदम बंद करू नका, लघवी तुंबू शकते. प्रोस्टेट मोठी असेल तर फिनास्टेराइडसारखी बीपी न उतरवणारी गोळी जोडून नंतर टॅमसुलोसिन कमी करता येते का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारा. त्या गोळीचा परिणाम दिसायला मात्र काही महिने जातात.

हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातलं पाणी आणि मीठ लघवीवाटे काढतं. ज्यांचं पाणी पिणं कमी आहे, आणि रात्री उठावं लागतं म्हणून मुद्दाम कमी पितात, त्यांना हे बाधतं. त्यातून सोडियम उतरलं तर बीपी ठीक असूनही चाल डगमगते. त्यासाठी रक्तातलं सोडियम बघायचं. एकत्र गोळीऐवजी फक्त टेल्मिसार्टन देणं डॉक्टरांना सहज शक्य असतं.

क्लोनॅझेपाम बीपीपेक्षा मेंदूवर काम करते. रात्री घेतली तरी तिचा अंमल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणि त्यापुढेही राहतो. ती रक्तातून अर्धी कमी व्हायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो. पहाटे अर्धवट झोपेत, अंधारात, बीपी उतरलेलं असताना चालणाऱ्या माणसाची सावरण्याची क्रिया ती आणखी मंद करते. किती वर्षं चालू आहे ते बघा. बऱ्याच दिवसांची असेल तर एकदम थांबवू नका. झोप पार उडते, अस्वस्थता येते, क्वचित आकडीही येऊ शकते. दर दोन आठवड्यांनी साधारण चौथा हिस्सा कमी करत डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवतात. शेवटचा टप्पा सर्वात हळू.

सिनारिझिनबद्दल मी जरा ठामपणे बोलतो. ती चालू होण्याआधीच ते पडले होते, म्हणजे पडण्यावरचा उपाय म्हणून ती आली. पण कानाच्या भोवळीवर थोडे दिवस द्यायचं हे औषध या वयात महिनोन्‌महिने घेतलं, तर काही जणांत पार्किन्सनसारखी लक्षणं येतात: पावलं छोटी पडतात, पाय घासत चालतात, वळताना अडखळतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. शिवाय तिने झोपही येते. मग कोणीतरी ‘पार्किन्सन सुरू झाला’ म्हणून त्याची गोळी देतं, आणि ती गोळी उभ्याचं बीपी आणखी उतरवते. ही साखळी मी नेहमी बघतो. वडिलांना अंथरुणात कूस बदलताना घर फिरल्यासारखं होतं का, हे विचारा. होत नसेल तर त्यांचा त्रास बहुधा कानाचा नाही आणि या औषधाचं काम नाही. होत असेल तरी कानातले खडे जागेवर नेण्याची डोक्याच्या हालचालींची पद्धत करून घ्यावी, गोळी नको. पार्किन्सनसारखी लक्षणं औषधाने आली असतील, तर औषध बंद केल्यावर उतरायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर नवं निदान चिकटवू नये. पोटाच्या ॲसिडिटीच्या काही गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, त्यानेही हेच होतं. घरातल्या बाकीच्या पाकिटांवर ते नाव आहे का ते वाचून घ्या.

ग्लिमेपिराइडमुळे साखर अचानक खाली जाऊ शकते, विशेषतः किडनीचं काम कमी झालं असेल किंवा जेवणाला उशीर झाला तर. पुढे कधी पडले किंवा गळून गेले, तर त्या क्षणी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर कारण हाती लागलं. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या माणसाची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सातच्या खाली दाबून ठेवण्यात फायदा नाही. साडेसात-आठ चालते.

या सगळ्यात एकावेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवड्यांनी उभ्याचं बीपी पुन्हा मोजा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कोणालाच कळणार नाही. तोपर्यंत उठायची पद्धत बदला. अंथरुणात बसून पाय खाली सोडा, पावलं वीस-तीस वेळा वर-खाली करा, मिनिटभर थांबा, मग उभं राहा, आणि उभं राहूनही लगेच चालू नका. पहाटेपुरतं पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवलं तर अंधारातली फेरी वाचते. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर सकाळी उठण्याआधी अर्धा लिटर साधं पाणी घटाघट पिऊन पाच-दहा मिनिटं थांबणं अनेकांना चांगलं लागू पडतं. त्याने तासभर बीपी टिकतं. नाश्त्यानंतर रक्त आतड्यांकडे वळतं, आणि सकाळच्या बीपीच्या गोळ्यांचा जोरही त्याच सुमाराला येतो. त्यामुळे नाश्ता थोडा आणि दोन वेळा विभागून द्यावा, आणि खाऊन लगेच उठू देऊ नये.

तिसरं पडणं, शेवटच्या पायरीवरचं, मला डोळ्यांचं वाटतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग साधारण हातभर अंतरावरचं वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना माणूस खाली बघतो तो नेमका त्याच भागातून, आणि पायरी असते दीड मीटरवर. ती पुसट दिसते, खोलीचा अंदाज चुकतो. शेवटची पायरी संपली की अजून आहे, इथे गफलत होते. बाहेर जाताना आणि जिन्यावर फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा घालणं हा सोपा उपाय आहे. हा उपाय नियमित बाहेर फिरणाऱ्यांना जास्त लागू पडतो. बहुतेक वेळ घरातच असणाऱ्याला चष्मे अदलाबदल करण्याने गोंधळच होतो. त्याला जिन्यावर हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघायला शिकवावं आणि पायरीच्या कडेला गडद उठून दिसणारी पट्टी लावावी. नंबर एकदम खूप बदलू नका. नव्या चष्म्याने जमीन वर-खाली वाटते, आणि पहिले काही आठवडे पडण्याचा धोका उलट वाढतो.

त्यांना काचबिंदू आहे, त्यामुळे पेरिमेट्री ही नजरेचं क्षेत्र मोजणारी तपासणी शेवटची कधी झाली ते बघा. खालच्या बाजूचं क्षेत्र गेलं असेल तर समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसालाही पायाखालची कड दिसत नाही. मोतीबिंदू असेल आणि शस्त्रक्रिया सुचवली असेल तर लांबवू नका. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पडणं कमी होतं. त्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना टॅमसुलोसिन चालू आहे किंवा आधी होती हे नक्की सांगा. तिने डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो, आधी माहीत असेल तर ते तयारीने करतात.

राहिल्या रक्ताच्या तपासण्या. हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर आणि एचबीएवनसी, बी-12, थायरॉइड एवढ्या पुरे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी होतं आणि पायांना जमिनीची जाणीव नीट होत नाही, म्हणून ते विशेष बघा. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, ईईजी, पुन्हा एमआरआय हे केवळ ‘पडतात म्हणून’ करू नका. शरीराच्या एका बाजूची ताकद गेलेली नाही आणि आकडीसारखं काही पाहिलेलं नाही, तर त्यातून सहसा काही हाती लागत नाही. मात्र पडल्यावर पायावर भार देता येत नसेल आणि खुब्याचा एक्स-रे साफ आला, तर तिथे थांबू नका. बारीक भेग एक्स-रेत लपते, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसते.

चालण्याची एक मोजणी घरी करून ठेवा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून मांड्यांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम सुरू करा. गोळ्या कितीही नीट लावल्या तरी कमजोर मांड्या त्यांना सावरू देणार नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी, औषधं बदलून झाल्यावर, तेच आकडे पुन्हा काढा. घसरण 20 च्या आत आली, ते पडले नाहीत आणि ईसीजी-होल्टरमध्ये काही निघालं नाही, तर आणखी शोध नको. घसरण तशीच असेल आणि टिमोलॉल बदलूनही नाडी वाढत नसेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. मागच्या बाजूला पडणं सुरू झालं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटू लागले किंवा चाल बिघडण्याबरोबर लघवी कपड्यांत होऊ लागली आणि विसरभोळेपणा वाढला, तर दीड महिनाही थांबू नका. तेव्हा तुमच्याकडचा जुना एमआरआय कामाला येईल, तो न्यूरोलॉजिस्टना पुन्हा वाचायला द्या. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्यात का, हा प्रश्न विचारून बघितलं नाही तर तेही अहवालात ‘वयानुसार बदल’ म्हणून राहून जाऊ शकतं.